पहिलं कॅबिनेट: काचेचं मायक्रो टॉवर घेऊ का?

नवखा_नाशिककर: घरी लग्नांचे व्हिडिओ एडिट करायला पहिल्यांदाच पीसी जोडतोय. बोर्ड मायक्रो-एटीएक्स आहे. ग्राफिक्स कार्ड 304 मिमी लांब आणि तीन स्लॉट जाड. जुन्या दोन साडेतीन इंची हार्ड डिस्क त्यातच बसवायच्यात, पुढेमागे कॅप्चर कार्डही लावायचंय. दुकानदार समोरून पूर्ण काच असलेलं मायक्रो टॉवर दाखवतोय. कार्डासाठी 330 मिमी जागा आहे म्हणतो. मदत करा.

गोदाकाठ: काचच घ्या, जाळीतून धूळ जाते. फक्त मिड टॉवर बघा, त्यात स्लॉट जास्त मिळतात.

जुना_स्क्रू: मिड टॉवरच्या मागे सात पट्ट्या असतात, पण स्लॉट बोर्डावर असतात. मायक्रो-एटीएक्सला जागा चारच. त्यातल्या तीन तुमचं कार्ड झाकणार. चौथ्या जागी बोर्डाला स्लॉट आहे का, ते आधी बघा. असला तरी तिथे कॅप्चर कार्ड बसवल्यावर ते ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांना अगदी खेटून राहील.

आता 330चं. हे माप पुष्कळदा पुढे पंखा नाही असं धरून दिलेलं असतं. 25 मिमीचा पंखा आत लावला की उरले 305. एका मिलिमीटरच्या भरवशावर कार्ड तिरकं करून आत घालता येत नाही. पुढे रेडिएटर लावायचा असेल तर त्याचे साधारण 27 आणखी वजा करा, म्हणजे विषयच संपला.

मध्यरात्रीचा_रेंडर: माझंही काचेचंच आहे. रेंडर लावला की पंखे किंचाळतात. मी अजून दोन पंखे लावू का?

जुना_स्क्रू: आधी पुढचं पॅनेल काढा आणि तोच रेंडर 20 मिनिटं चालवा. तापमान बरंच उतरलं तर हवा आत यायला वाटच नाही, मग पंखे वाढवून काय होणार?

मध्यरात्रीचा_रेंडर: 9 अंश उतरलं! काचेच्या कडेला बोटभर फट आहे, सगळी हवा तिथूनच येत होती.

गोदाकाठ: पण धुळीचं काय? आमचं घर रस्त्यालगत आहे.

जुना_स्क्रू: धूळ त्या फटीतूनही येतेच. जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर हवा. रस्त्यालगत असाल तर दर पंधरवड्याला धुवा, नाहीतर तुंबलेली जाळी काचेसारखीच वागते.

नाशिककर, डिस्कचा पिंजरा बहुतेक खाली पॉवर सप्लायसमोर असतो. लहान कॅबिनेटमध्ये दोघांच्या मधे केबलींना जागा उरत नाही, मग लोक पिंजराच काढून टाकतात. तुम्हाला दोन डिस्क हव्यात, म्हणून मी मिड टॉवर म्हणेन, स्लॉटसाठी नाही.

नवखा_नाशिककर: दादा, आत्ताच बोर्डाचा फोटो पाहिला. चौथ्या जागी छोटा स्लॉट आहे. जाळीचं मिड टॉवर बघतो, दुकानात टेप घेऊन जाईन. कॅप्चर कार्ड आत लावावं की यूएसबीचं घ्यावं, कुणी दोन्ही वापरलंय का?