सात मजले चढून वडापाव फुकट? मोजलंय कोणी?

सातव्या मजल्यावरचा
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी टाकलं होतं, इथेही टाकतो. लिफ्ट सोडा, जिना धरा! एक मजला चढलं की ५० कॅलरी जळतात. सात मजले म्हणजे ३५०, एक वडापाव फुकट. दिवसातून तीनदा करतोय, तीन महिन्यांत दोन किलो उतरलो. ज्याला पटत नाही त्याने मोजून दाखवावं.

टेपवाला
दाखवतो. काल संध्याकाळी टेप घेऊन आमच्याच जिन्यात बसलो. वॉचमनला वाटलं फरशी बदलायचीय. एक पायरी १६ सेंमी, मजल्याला १८ पायऱ्या, म्हणजे मजला २.८८ मीटर. सात मजले म्हणजे २०.१६ मीटर उंची. माझं वजन ६८.

६८ × ९.८ × २०.१६ = १३,४३४ ज्यूल. भागिले ४१८४, म्हणजे ३.२ किलोकॅलरी.

आता स्नायू काही शंभर टक्के कामाचे नाहीत. पाच रुपये खर्चले तर एक रुपयाचं काम होतं, उरलेले चार घामात आणि उष्णतेत जातात. म्हणून पाचाने गुणा: १६. एका चमच्यात मावणारी साखर. एका वडापावाचे ३०० धरले तरी तुमचे सात मजले जवळजवळ एकोणीस वेळा चढावे लागतील. एका मजल्याला ५० हा आकडा कुठल्या झाडावरून पाडलात?

गणितात_नापास
थांबा थांबा. १३,४३४ ज्यूलला ४.१८ ने भागलं तर ३,२०० कॅलरी येतात! एका फेरीत दिवसभराच्या जेवणापेक्षा जास्त! उलट वडापाव दहा खावेत!

टेपवाला
पाकिटावरची कॅलरी ही किलोकॅलरी असते. हजाराने भागायचं विसरलात.

गणितात_नापास
मग छापताना 'किलो' का गाळतात? ही फसवणूक नाही का?

न्यूटनचा_शेजारी
टेपवाल्यांचं गणित अर्धवट आहे. चढून झाल्यावर तुम्ही उतरता ना? मग एकूण काम शून्य. जेवढं दिलं तेवढं पृथ्वीने परत केलं. अकरावीचं पुस्तक उघडा.

पहाटचा_सिंहगड
परत केलं म्हणजे कुठे केलं? माझ्या पोटऱ्यांत? दर रविवारी आतकरवाडीतून चढतो. ६०० मीटरच्या आसपास उंची. टेपवाल्यांच्या हिशोबाने चढायला सुमारे ४८० जातात, ते मला पटतं, कारण वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मटक्यातलं दही असं सगळं लागतं आणि ते खाऊन हिशोब उलटा होतो. पण सोमवारी जिना उतरताना मांड्या धरून उतरतो तो चढल्यामुळे नाही, उतरल्यामुळे. हे काम शून्य असेल तर दुखतं काय?

न्यूटनचा_शेजारी
दुखणं म्हणजे कॅलरी नव्हे. भावनेवर भौतिकशास्त्र चालत नाही.

फिजिओ_ताई
दुखणं म्हणजे कॅलरी नव्हे, इथपर्यंत बरोबर. पुढचं चूक. मांडीचा स्नायू बॅटरी नाही की उतरताना चार्ज होईल. उतरताना तो ताणला जात असतानाच आवळून वजन तोलून धरतो, ब्रेकसारखा. परत आलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि ब्रेक दाबायलाही इंधन लागतंच. मात्र कमी. चढण्याच्या साधारण तिसरा हिस्सा. म्हणजे सात मजले उतरायला पाच.

१९५२ साली ॲबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने ते अडवायचं. दोघांच्या पायांवर जोर सारखाच, पण मारणाऱ्याला ऑक्सिजन अडवणाऱ्याच्या कितीतरी पट लागला. लहानखुऱ्या बाईने अडवलं आणि दणकट पुरुष दमला. जोर सारखा असूनही उतरताना कमी तंतू कामाला लागतात, आणि त्या थोड्यांवर ताण जास्त येतो. म्हणून खर्च कमी आणि सोमवारची लंगड जास्त.

तळमजला_पीडित
या सगळ्यात एक मुद्दा राहिला. मी तळमजल्यावर राहतो, लिफ्टचं बटण कधी दाबलं नाही. तरी लिफ्टचा खर्च सर्वांना सारखा, वापरा अगर वापरू नका, उपविधीतच तसं. सातव्यावरचे जिना चढायला लागले तर आमचे पैसे परत मिळतील का?

टेपवाला
नाही. पुढे.

आजोबा_वय_७१
ताईंचं बरोबर आहे. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, जिन्याने चढा, उतरताना लिफ्ट घ्या. गुडघ्याला उतरणं झेपत नाही. तुम्ही तरुण लोक उगाच आकडे घोळवता.

पहाटचा_सिंहगड
आजोबा, सरसकट असं सांगू नका. उतरण्याची सवय केली की तीच मांडी आठ-पंधरा दिवसांत दुखायची थांबते. सगळ्यांना लिफ्टमध्ये घातलं तर ती सवय होणार कधी?

आजोबा_वय_७१
माझा गुडघा तुमच्या मांडीपेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

फिजिओ_ताई
दोघेही आपापल्या गुडघ्यापुरते बरोबर. सुजलेल्या गुडघ्याला आणि नुसत्या न सरावलेल्या मांडीला एकच सल्ला देता येत नाही. यावर इथे निकाल लावू नका.

न्यूटनचा_शेजारी
ठीक, उतरायला पाच. मान्य. पण मग टेपवाल्यांचा '२० टक्के' कोणी ठरवला? २५ धरलं तर १६ चे तेरा होतात.

टेपवाला
हा प्रश्न खरा आहे, तुम्ही विचारलात याचंच आश्चर्य. जिन्यावर २० ते २५ मध्ये कुठेतरी येतो, माणूस आणि वेग बदलला की तोही हलतो. म्हणून माझा १६ हा तेरा-सोळामधला समजा. पन्नास नाही, एवढंच माझं म्हणणं. पिशवीत सात किलो भाजी असेल तर दहा टक्के वाढवा. वजन उतरलं की तेवढंच कमी करा, तोही फायदा हळूहळू आटतो.

आणि एक सांगतो, जिन्याची बाजू घेऊनच. सात मजले मी दोन मिनिटांत चढतो. मिनिटाला आठ. सपाटीवर चालताना याच्या निम्मेही जेमतेम. जिना महाग आहे, फक्त तो फार लवकर संपतो.

सातव्या मजल्यावरचा
माझं घड्याळ मग ४० का दाखवतं? वर पोचतो तेव्हा छाती भात्यासारखी चालते.

टेपवाला
धाप हे मोजमाप नाही. चढताना ऑक्सिजन मागे पडतो आणि वर पोचल्यावर शरीर तो भरून काढतं, म्हणून सातव्यावर जोरात लागते. घड्याळ बहुतेक नाडीवरून अंदाज बांधतं, आणि नाडी काय, चहानेही चढते. शिवाय त्यातला काही भाग तुम्ही नुसते बसला असता तरी गेलाच असता.

सातव्या मजल्यावरचा
मग दोन किलो कुठे गेले? हवेत?

फिजिओ_ताई
एक किलो चरबीचे ७,७०० धरा. वर १६, खाली ५, दिवसात तीन फेऱ्या, नव्वद दिवस, एकूण ५,६७०. म्हणजे पाऊण किलो जिन्याचे. बाकीचे सव्वा किलो कुठले ते तुम्हीच सांगा. चहा किती घेता?

सातव्या मजल्यावरचा
सहा कप. आता चार. आणि साखर दोन चमचे होती ती एक केली. पण ते वेगळं.

टेपवाला
वेगळं, हो. रोजचे आठ चमचे वेगळे. बारा होते ते चार झाले.

सातव्या मजल्यावरचा
बरं बाबा. ५० चा आकडा ग्रुपवरून काढतो. पण जिना सोडणार नाही, आणि वडापावही.

तळमजला_पीडित
लिफ्टच्या खर्चाचं कोणी बोललंच नाही.