'अपेक्षित तूट' म्हणावं का?

मृण्मयी: जोखमीवरच्या एका पाठाचं भाषांतर करतेय. व्हॅल्यू ॲट रिस्क, म्हणजे ठरवलेल्या टक्क्यांइतक्या शक्यतेने तोटा ज्याच्या वर जात नाही तो आकडा, त्याला 'जोखीममूल्य' लिहिलं. एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल, म्हणजे सर्वांत वाईट तोट्यांची सरासरी, तिला 'अपेक्षित तूट' लिहिलं आणि अडले, कारण तूट येणारच असं कुणी गृहीत धरलंय, असा अर्थ निघतो. पाठातलं उदाहरण असं: तोटा 0 होण्याची शक्यता 90 टक्के, 100 होण्याची 6 टक्के, 1000 होण्याची 4 टक्के. पातळी 95 टक्के.

जमाखर्च: आम्ही अंदाजपत्रकात खर्च जमेपेक्षा जास्त दिसला की 'अपेक्षित तूट' असंच लिहितो. रुळलेला शब्द आहे, बदलू नका.

मृण्मयी: म्हणूनच तर भीती वाटते. वाचणारा तुमचीच तूट समजेल.

विश्राम: आधी आकडे पाहू. 0 पाशी 90 टक्के भरतात, 100 पाशी 96. म्हणजे 95 ची रेघ 100 वर पडते, जोखीममूल्य 100. त्याच्या पलीकडे फक्त 1000 उरतो, म्हणून दुसरं उत्तर 1000. शब्द सरळ आहे: 'पलीकडची सरासरी'.

नीलकंठ: विश्राम, जोखीममूल्य बरोबर आहे, 1000 मात्र नाही. आपल्याला सर्वांत वाईट 5 टक्क्यांची सरासरी हवी आहे आणि 1000 च्या वाट्याला त्यातले 4 च टक्के येतात. उरलेला 1 टक्का 100 च्या सहा टक्क्यांतून कापून घ्यायचा. 4 टक्के गुणिले 1000 म्हणजे 40, 1 टक्का गुणिले 100 म्हणजे 1. बेरीज 41, तिला 5 टक्क्यांनी भागलं की 820.

विश्राम: मग 100 आणि त्यावरचं सगळंच का नाही घ्यायचं? 6 अधिक 40 म्हणजे 46, भागिले 10 टक्के, 460 येतात.

नीलकंठ: ती वाईटातल्या 10 टक्क्यांची सरासरी झाली. तोट्याचं वितरण अखंड असेल तर 'पलीकडचे' आणि 'त्यासकट पलीकडचे' यांत फरक पडत नाही, म्हणून ही चूक खपून जाते. इथे एकाच आकड्यावर 6 टक्के बसलेत, तेव्हा तो आकडा फोडावाच लागतो. भागायच्या आधी शक्यतांची बेरीज करून पाहा. ती 5 टक्के भरली नाही, तर शेपूट, म्हणजे वितरणाचं सर्वांत वाईट टोक, चुकीच्या जागी कापलंय. म्हणून 'पलीकडची' हा शब्द मला धोक्याचा वाटतो, तोच माणसाला 1000 वर नेतो.

मृण्मयी: आणि 1000 च्या जागी 5000 असते तर?

नीलकंठ: जोखीममूल्य 100 वरून हलत नाही. ही सरासरी 4020 होते. बाजारजोखमीसाठी, बँकांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बाझल समितीने 99 टक्क्यांचं जोखीममूल्य सोडून 97.5 टक्क्यांची ही सरासरी घेतली, त्यामागे जोखीममूल्याला शेपटीतलं दिसत नाही हेच कारण होतं.

मृण्मयी: मग 'शेपटीची सरासरी' लिहू?

जमाखर्च: परीक्षेच्या पुस्तकात शेपटी?

विश्राम: 'पुच्छ-सरासरी' करा. पण तूट गेली की मूळ शब्दाशी नातं तुटतं, ते मला पटत नाही.

मृण्मयी: तूर्त 'पुच्छ-सरासरी' लिहिते आणि 820 चं गणित 1 टक्का कापून दाखवते. 'तूट' ठेवायची की नाही, अजून ठरत नाहीये.