पोस्टरवरचे ३० कोटी आणि बातमीतले २३ कोटी ७३ लाख

सिनेवेडा, चिपळूण
एका मराठी चित्रपटाच्या पोस्टरवर ३० कोटींचा आकडा झळकतो आणि त्याच दिवशीच्या बातमीत २३ कोटी ७३ लाख येतात. सहा कोटी हवेत विरले काय? ग्रॉस, नेट हे शब्द म्हणजे लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा उद्योग आहे. हिंदीवाले आपले आकडे फुगवतात, मराठीचे मात्र मुद्दाम कापून दाखवतात. एकच खरा आकडा छापायला यांना कुणी अडवले आहे?

जुना प्रतिनिधी, रत्नागिरी
एरवी अशा पोस्टवर मी काही लिहीत नाही, परंतु ‘मुद्दाम कापून’ हे वाचून राहवले नाही. मी वितरकाचा प्रतिनिधी म्हणून रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या चित्रपटगृहांत रात्री हिशेब घेत बसलेला माणूस आहे. तो हिशेब ज्या कागदावर लिहिला जातो, त्याला आम्ही डीसीआर म्हणतो. त्यातला एकच खेळ आपल्यासमोर ठेवतो.

तिकीट १२० रुपयांचे आहे आणि १४० प्रेक्षक आले आहेत. खिडकीवर जमले १६,८०० रुपये, आणि हीच ग्रॉस. त्यातले २,५६३ रुपये जीएसटीचे, म्हणजे ते चित्रपटगृहाचेही नव्हेत आणि निर्मात्याचेही नव्हेत. उरलेले १४,२३७ रुपये म्हणजे नेट. पहिल्या आठवड्यात निम्म्या वाट्याचा करार असेल, तर वितरकाच्या हाती ७,११८ रुपये येतात, आणि धंद्यात ज्यावर घर चालते तो शेअर हाच. पोस्टरवर तो कधीच छापला जात नाही, कारण तो पाहून कुणाची छाती फुगत नाही.

आता आपल्या सहा कोटींकडे येऊ. पोस्टरवर ‘जगभरात’ हा शब्द बारीक अक्षरांत आहे आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत परदेशातले २ कोटी दिलेले आहेत. ते वजा केले की देशातली ग्रॉस २८ कोटी राहते, आणि तिला १.१८ ने भागले की २३ कोटी ७३ लाख येतात. कुणीही काहीही कापलेले नाही.

सिनेवेडा, चिपळूण
काका, आपले गणित मला पटलेले नाही. अठरा टक्के कर असेल, तर २८ कोटींतून अठरा टक्के वजा करा, २२ कोटी ९६ लाख होतात. म्हणजे बातमीतला आकडासुद्धा ७७ लाखांनी फुगवलेला निघाला. माझा मुद्दा आपणच सिद्ध करून दिलात, त्याबद्दल आभार.

जुना प्रतिनिधी, रत्नागिरी
आभार परत घ्यावेत. कर मूळ दरावर लागतो, कर धरून झालेल्या दरावर लागत नाही. शंभराच्या मूळ दरावर अठरा लागून ११८ होतात, त्या ११८ चे अठरा टक्के वजा केलेत तर शंभर उरणार नाहीत. ग्रॉसमधून प्रत्यक्षात जातात ते सव्वापंधरा टक्के. ही चूक चॅनेलवरच्या लोकांकडूनही होते, त्यामुळे आपल्याला दोष देत नाही.

खिडकीवरून, कणकवली
आम्ही चित्रपटगृह चालवतो, म्हणून दोघांनाही थोडे टोकावेसे वाटते. काकांचा डीसीआर बरोबर आहे, पण २३.७३ चा त्यांचा पुरावा मला उलट शंकास्पद वाटतो. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के नसतात. सप्टेंबर २०२५ पासून तिथे ५ टक्के आहेत, त्याआधी १२ होते. आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी सकाळच्या खेळाचे तिकीट ८० रुपयांचे असते. त्यातले ७६ रुपये १९ पैसे नेटमध्ये जातात, म्हणजे कर चार रुपयांहूनही कमी. गावोगावच्या पडद्यांवर चाललेल्या मराठी चित्रपटाची खरी नेट १.१८ ने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच यायला हवी.

इथे मात्र ती पैशापर्यंत १.१८ ने भागल्यासारखी येते. याचा अर्थ बातमीदाराने नेट कुठूनही गोळा केलेली नाही. निर्मात्याने दिलेली ग्रॉस घेतली, तिला भागले आणि नेट म्हणून छापून टाकले. दोन्ही आकडे एकाच तोंडून आलेले आहेत, त्यामुळे एकाने दुसऱ्याला दुजोरा दिला असे म्हणता येत नाही.

जुना प्रतिनिधी, रत्नागिरी
आपला मुद्दा मान्य, पण त्यामुळे माझे वाक्य खोटे ठरत नाही. फरक कराचा आणि परदेशाचा आहे एवढेच मी म्हटले होते. मूळ २८ खरे आहेत की नाहीत, याची हमी मी घेतलेली नाही.

सावंतवाडीची ताई
मला एवढी गणिते कळत नाहीत, पण माझा अनुभव सांगते. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ गोव्यात करमुक्त झाला आणि आपल्याकडे झाला नाही, म्हणून आम्ही घरची पाच माणसे बांदा ओलांडून गोव्यात जाऊन तो पाहून आलो. तिकीट आमच्या बाजूपेक्षा स्वस्त पडले, पण मोबाईलवरून काढल्यामुळे प्रत्येक तिकिटावर वेगळी फी लागली, तिच्यावर पुन्हा कर लागला, आणि वाचवलेले निम्मे पैसे तिथेच गेले. ही फीसुद्धा ‘छावा’ने कमावल्या म्हणतात त्या शेकडो कोटींत धरतात का? धरत असतील तर हा निव्वळ दरोडा आहे. शिवाय छत्रपती संभाजी महाराजांवरचा चित्रपट गोव्यात करमुक्त आणि महाराष्ट्रात नाही, याची लाज कुणालाच कशी वाटली नाही?

खिडकीवरून, कणकवली
ताई, ती फी ग्रॉसमध्ये येत नाही. पॉपकॉर्नचे पैसेही येत नाहीत. आणि लाजेचा प्रश्न तुम्ही समजता तितका सरळ नाही. महाराष्ट्रात करमणूक कर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावरच गेला, ‘छावा’च्या वेळी मुख्यमंत्र्यांनीही हेच उत्तर दिले होते. आता राज्याच्या हातात राहतो तो अठरातला स्वतःचा नऊ टक्क्यांचा वाटा. करमुक्त म्हणजे तेवढेच नऊ टक्के सुटतात, केंद्राचे नऊ तसेच राहतात.

कोकणी बाणा, मालवण
हे उत्तर म्हणजे शुद्ध पळवाट आहे. ‘तान्हाजी’ला २०२० मध्ये याच महाराष्ट्रात सवलत मिळाली, तेव्हाही करमणूक कर अस्तित्वात नव्हताच. द्यायची तर देता येते, द्यायची नसली की कायदा आठवतो. मराठी चित्रपटाला तर ती कायमचीच असायला हवी. पूर्वी होती, आमच्या डोळ्यांसमोर गेली आणि एकाही निर्मात्याने ब्र काढला नाही.

जुना प्रतिनिधी, रत्नागिरी
आपण भावनेने बोलता, पण विषयाचा गाभा आपण नकळत पकडलात. जीएसटीपूर्वी मुंबईत हिंदी चित्रपटावर ४५ टक्के करमणूक कर असे आणि मराठी चित्रपट त्यातून मुक्त होता. त्यामुळे २०१६ मध्ये ‘सैराट’चा शंभर कोटींपर्यंतचा प्रवास झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या खिडकीवर जमलेला रुपया जवळजवळ पूर्णच नेट होता. आजच्या मराठी चित्रपटाने शंभर कोटींची ग्रॉस केली, तरी त्याची नेट पंचाऐंशीच्या आसपास येते. दोघांना एकाच रांगेत उभे करून ‘विक्रम मोडला’ म्हणणाऱ्यांना कुणीतरी हे ऐकवायला हवे.

आता गोव्याचे पाहा. मूळ दर २०० रुपये धरा. आपल्या बाजूला तिकीट २३६ रुपयांचे होते. राज्याचा वाटा प्रेक्षकाकडून घ्यायचा नाही, असा आदेश असेल आणि चित्रपटगृहाने तो प्रामाणिकपणे पाळला, तर पलीकडे ते २१८ चे होते. ताईंनी २१८ भरले, त्यांच्या शेजारणीने इकडे २३६ भरले. निर्मात्याच्या हिशेबात दोघींचे दोनशेच. म्हणजे प्रेक्षक तेवढेच राहिले, तर करमुक्तीने ग्रॉस कमी होते आणि नेट जागची हलत नाही. म्हणूनच मुंबई सर्किटमध्ये, ज्यात आपले कोकण आणि गोवा दोन्ही येतात, जाणते लोक नेट विचारतात. दक्षिणेत ग्रॉस आणि शेअर बोलण्याची रीत आहे, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

कोकणी बाणा, मालवण
म्हणजे करमुक्तीने मराठी निर्मात्याचा फायदाच नाही, असे आपले म्हणणे? मग आयुष्यभर मराठी चित्रपटांच्या जिवावर आपण कसली प्रतिनिधीगिरी केलीत?

जुना प्रतिनिधी, रत्नागिरी
माझ्या पोटापाण्यावर येण्याचे कारण नव्हते. तिकीट स्वस्त झाल्याने माणसे वाढली, तर फायदा आहेच. वाढली नाहीत, तर नाही. आणि मराठीला कायमची सवलत असावी असे मलाही वाटते, हे आपण विचारले असते तर सांगितले असते.

खिडकीवरून, कणकवली
या सवलतीची दुसरी बाजू कुणी विचारत नाही, ती मी सांगते. राज्याचा वाटा प्रेक्षकाकडून घ्यायचा नाही, पण सरकारात आधी स्वतःच्या खिशातून भरायचा आणि मग परतावा मागायचा, अशी रीत असते. दोनशे खुर्च्यांच्या चित्रपटगृहाला ही रक्कम अडकून पडणे परवडत नाही. टाळ्या सरकारला मिळतात, निर्मात्याचे पोस्टर छापले जाते, आणि आम्ही कागद घेऊन फेऱ्या मारतो.

सिनेवेडा, चिपळूण
आपण सगळे करात रमलात, माझा मूळ प्रश्न तसाच आहे. २८ कोटी खरे आहेत हे तपासणार कोण? चला, कापलेले नाहीत हे एकदाचे मान्य करतो, आपल्याला समाधान वाटत असेल तर. पण फुगवलेले नाहीत हे कुणी दाखवलेले नाही.

जुना प्रतिनिधी, रत्नागिरी
ते दाखवता येणार नाही. करमणूक कराच्या काळात आकडे लपवण्यात फायदा होता, म्हणून एकच तिकीट दोनदा विकले जाई आणि आमच्यासारख्यांना पडद्याकडे पाठ करून डोकी मोजावी लागत. आता कर भरला जातो तो चित्रपटगृहाच्या विवरणावर, पोस्टरवर काय छापले त्यावर नव्हे. त्यामुळे पोस्टरवर वाढवून लिहिण्याचा खर्च शून्य आहे. सगळे डीसीआर एकत्र करून जाहीर करणारी कुठलीही सरकारी व्यवस्था आपल्याकडे नाही. मी स्वतः शनिवार-रविवारच्या आकड्याकडे न पाहता सोमवारचे खेळ पाहतो. रविवारी हाऊसफुल्ल म्हणवणाऱ्या चित्रपटाचे खेळ सोमवारी निम्म्याने कमी झाले, तर काय समजायचे ते समजतो.

खिडकीवरून, कणकवली
सोमवारच्या आकड्यावरही फार विसंबू नका. निर्मात्याने स्वतःच घाऊक तिकिटे घेतली, तर ती माझ्या डीसीआरमध्ये खरीच विक्री म्हणून येतात. त्यांच्यावर कर भरला जातो, त्यांचा शेअरही निघतो. खुर्च्या रिकाम्या असतात एवढेच. त्याला खोटे म्हणायचे की नाही, हे तुम्ही दोघे ठरवा.

सिनेवेडा, चिपळूण
खोटेच म्हणायचे.

जुना प्रतिनिधी, रत्नागिरी
हिशेबात खोटे नव्हे. पैसे आलेले आहेत.

सावंतवाडीची ताई
आणि माझी ती मोबाईलवरची फी? ती जर ना ग्रॉसमध्ये, ना नेटमध्ये, ना सरकारच्या सवलतीत, तर ती नेमकी गेली कुणाकडे, हे अजून कुणी सांगितलेले नाही.