मदत हवी आहे: इंग्रजी आठवणींतली कोंकणी, पोर्तुगीज तशीच ठेवून मराठी अनुवाद

शब्दवेडी: नमस्कार मंडळी. बार्देशातल्या एका कुटुंबाच्या इंग्रजी आठवणी मराठीत आणते आहे. संवादांत कोंकणी आणि पोर्तुगीज येते, दोन्ही रोमन लिपीत. या ओळी आणि नावं मूळ भाषेतच ठेवायची अट आहे, लिपी देवनागरी चालेल. नमुना:

```
"Dev borem korum," she said.
```

'देव बोरेम कोरुम' लिहू का? गावांची नावं कशी लिहायची?

सासष्टीकर: बोरेम नको. रोमी कोंकणीत शब्दाच्या शेवटचा 'एम' बहुतेक वेळा नुसता अनुनासिक असतो आणि 'ओ' पुष्कळदा आपला अ-कार असतो. म्हणून 'देव बरें करूं'. 'एक्स' दिसला की 'श' समजा. पण हे यांत्रिकपणे लावू नका. 'पोदेर'मधला ओ खरोखरच ओ आहे. द की ड हेही जुन्या लिखाणात नेहमी वेगळं दाखवलेलं नसतं. ओळी बार्देशची कोंकणी बोलणाऱ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या.

मायमराठी: एवढा खटाटोप कशाला? 'देव बरं करो' लिहा, वाचकाला कळतं.

सासष्टीकर: कळतं, म्हणून तळटीप नको, इथवर पटलं. पण इंग्रजीत ती ओळ ठळक वेगळी दिसते, मराठीत शेजारच्या वाक्यात विरघळून जाईल. बाईंनी भाषा बदलली हे 'बरें करूं'वरच्या अनुस्वारांनीच दिसतं. गावांचं म्हणाल तर निवेदनात मराठी रूप, म्हापसा, मडगाव. कोंकणी संवादात म्हापशें, मडगांव. माणसांची नावं मात्र घरच्यांना विचारूनच.

टंकलेखक: अनुवादाआधीच वर्डमध्ये कोंकणीला एक कॅरेक्टर स्टाइल द्या, पोर्तुगीजला दुसरी. स्टाइलच्या लँग्वेज खिडकीत शुद्धलेखन तपासणी बंद करा. लिपीवरून मराठी-कोंकणी वेगळी काढता येत नाही, त्यामुळे ही खूण हातानंच करावी लागते. शेवटी फाइंडमध्ये स्टाइलनं शोधून प्रत्येक ओळ मुळाशी ताडा. मुद्रितशोधनात 'बरें'चं 'बरे' होण्याची भीती सर्वांत जास्त, म्हणून तपासनीसांना ओळींची यादी आधीच द्या.

रानपाखरू: माझ्या मराठी लेखात हिंदी शेर आहेत. शोध घेतला की 'ज़' काही ठिकाणी सापडतच नाही. त्यांचा मराठी अर्थ कंसात द्यावा का?

टंकलेखक: अर्थाचं तुम्ही ठरवा. नुक्त्याचं 'ज़' दोन प्रकारे साठवलं जातं, एकसंध अक्षर म्हणून किंवा ज आणि नुक्ता वेगळे. दिसायला सारखंच, शोधाला वेगळं. सगळीकडे ज आणि नुक्ता हाच प्रकार ठेवा.

शब्दवेडी: स्टाइल आजच लावते. पोर्तुगीज प्रार्थनांचं अडलंय. नाकातले स्वर देवनागरीत नीट उतरत नाहीत, त्यामुळे रोमनच ठेवाव्यात असं वाटतं. प्रकाशकांना सगळं देवनागरी हवं आहे.

सासष्टीकर: रोमनच. बोलणं देवनागरीत उतरवता येतं, पाठ म्हटलेल्या प्रार्थनेला तिची स्पेलिंगं असतात.

मायमराठी: मग पोर्तुगीज न येणाऱ्यानं ती वाचायची कशी?