सरकारच्या कर्जामुळे शिरोलीतल्या भट्टीचे व्याज वाढते का?

शिरोलीचा फाउंड्रीवाला

शिरोली एमआयडीसीत आमची लहान फाउंड्री आहे. जुनी इंडक्शन भट्टी बदलण्यासाठी मी ८० लाखांचे कर्ज मागितले, तेव्हा आमच्या नागरी सहकारी बँकेने ११ टक्के दर सांगितला. उद्योजकांच्या एका बैठकीत वक्ते म्हणाले की, सरकार एवढे कर्ज उचलते की आपल्यासाठी पैसा उरतच नाही. हे खरोखर असे घडते का, आणि घडत असेल तर माझ्या ११ टक्क्यांत त्याचा वाटा किती?

गोकुळ शिरगावकर

वक्त्यांचे म्हणणे बरोबर आहे. बँकेत १०० रुपयांची ठेव आली की त्यातले १८ रुपये कायद्यानेच सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित ठिकाणी गुंतवावे लागतात. ही सक्ती, म्हणजे एसएलआर, काढून टाकली तर तेवढी रक्कम दुसऱ्या दिवशी आपल्यासारख्या कारखानदारांच्या हातात येईल. मूळ दुखणे एवढेच आहे.

ट्रेझरीतून निवृत्त

मी बँकेच्या गुंतवणूक विभागात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोकुळ शिरगावकरांनी सांगितलेला १८ चा आकडा अचूक आहे, मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. १९९१ च्या सुमारास त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते, कारण तेव्हा एसएलआर ३८.५ टक्के आणि रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा वाटा, म्हणजे सीआरआर, १५ टक्के होता, म्हणजे १०० रुपयांच्या ठेवीतले ५३ रुपये ५० पैसे कर्जाचा अर्ज उघडण्याआधीच गेलेले असत. शाखेत ठेवी वाढत असूनही चांगल्या कारखानदाराला परत पाठवावे लागे, हे मी जवळून पाहिले आहे. त्यानंतर २००३ च्या सुमारास चित्र पालटले. तेव्हा कायद्याची मागणी २५ टक्क्यांची होती आणि बँकांनी मात्र ठेवींच्या ४० टक्क्यांहून अधिक रक्कम सरकारी रोख्यांत ठेवली होती. ती कोणी सक्तीने घेतलेली नव्हती. उद्योगांकडून मागणी मंद होती, थकबाकीची धास्ती होती, आणि रोख्यांत बुडण्याची भीती नव्हती. पुढे २००४ नंतर मागणी वाढली तेव्हा त्याच बँकांनी रोख्यांचे प्रमाण कमी करत कर्जे दिली. म्हणून बँकेकडे रोखे किती आहेत, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. रोखे वाढत असताना कर्जाचे दरही चढत असतील आणि चांगले अर्ज परत जात असतील, तर सरकारने खासगी उद्योगाला बाजूला सारले असे म्हणता येते. रोखे वाढत आहेत आणि दर उतरत आहेत, असे असेल तर कर्ज मागायला कोणी येत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होतो.

फाउंड्रीवाले साहेब, तुमच्या ११ टक्क्यांकडे उद्या सवडीने येतो, कारण त्याचा धागा वेगळ्या ठिकाणाहून निघतो.

कागलचा कंत्राटदार

मी रस्त्यांची आणि पाण्याच्या टाक्यांची सरकारी कामे घेतो. काम पूर्ण होऊन १४ महिने झाले, तरी एका कार्यालयाकडून माझे देयक निघालेले नाही. सिमेंटवाल्याचे आणि मजुरांचे पैसे मी कॅश क्रेडिटमधून दिले, आणि त्याचे व्याज दरमहा भरतो आहे. सरकार बाजारातून एवढे कर्ज घेते, तर त्यातून निदान आमची देणी तरी का भागवत नाही? आमच्यासाठी पैसा उरत नाही तो यामुळे.

ट्रेझरीतून निवृत्त

कंत्राटदार साहेब, तुमची अडचण खरी आहे, पण ती या प्रश्नाच्या उलट बाजूची आहे. सरकारने रोखे विकून पैसा उभा केला असता तर त्यावर त्याला व्याज द्यावे लागले असते. तुमचे देयक थकवून ते तुमच्याकडून बिनव्याजी कर्ज घेत आहे, जे तुटीच्या आकड्यात दिसतही नाही, आणि त्याचे व्याज तुम्ही भरत आहात. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा, कारण त्यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

अर्थशास्त्राची प्राध्यापिका

मी या मांडणीशी असहमत आहे, आणि विरोध स्पष्ट नोंदवते. पैसा म्हणजे रंकाळ्यातले पाणी नव्हे, की सरकारने दहा घागरी नेल्या म्हणजे इतरांसाठी दहा कमी उरल्या. सरकार कर्ज घेते ते खर्च करण्यासाठी, आणि तो खर्च ठेकेदाराच्या, शिक्षकाच्या, पोलाद विकणाऱ्याच्या खात्यात ठेव म्हणून बँकेतच परत येतो. २०२० चे उदाहरण पाहा. केंद्राने त्या वर्षासाठी ७.८ लाख कोटींचे बाजारकर्ज योजले होते, ते मे महिन्यात १२ लाख कोटींवर नेले, आणि प्रत्यक्ष उचल त्याहूनही अधिक झाली. राजकोषीय तूट ९ टक्क्यांच्या पुढे गेली. खासगी उद्योगाला बाजूला सारण्याची कल्पना नेहमीच खरी असती तर व्याजदर कडाडायला हवे होते. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो रेपो दर ४ टक्क्यांवर होता आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरचा परतावा ६ टक्क्यांच्या आसपास राहिला. शिवाय सरकारी खर्चातून रस्ते, पंप, रेल्वे यांची मागणी निघते आणि त्यासाठीचे कास्टिंग शिरोली आणि गोकुळ शिरगावातच ओतले जाते. ज्या कर्जामुळे फाउंड्रीला ऑर्डर मिळते, त्याच कर्जाने तिचे भांडवल हिरावले असे म्हणणे मला पटत नाही.

ट्रेझरीतून निवृत्त

मॅडम, २०२० बद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. तेव्हा कारखाने बंद होते, माणसे घरी होती, आणि रिझर्व्ह बँक स्वतः बाजारातून रोखे विकत घेत होती. रिकाम्या बसलेल्या यंत्राला सरकारने काम दिले तर कोणाचेच काही हिरावले जात नाही. प्रश्न निर्माण होतो तो यंत्रे पूर्ण क्षमतेच्या जवळ चालू लागल्यावर. तेव्हा सरकारने खर्च केलेला पैसा बँकेत ठेव म्हणून परत येतो, हे खरेच. पण त्या पैशामागे धावणारे पोलाद, कोळसा आणि मजूर तेवढेच असतात. महागाई वाढते आणि रिझर्व्ह बँकेला दर चढवावे लागतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ वर गेला. युक्रेन युद्धामुळे महागलेले तेल हे त्यामागचे मोठे कारण होते, सगळा दोष तुटीचा नव्हता. तरीही तूट कमी असती तर दर इतके चढवावे लागले असते का, हा प्रश्न रास्त ठरतो.

आता ११ टक्क्यांविषयी. व्यापारी बँकांनी लघुउद्योगांना द्यायची नवी बदलत्या दराची कर्जे ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधलेली आहेत, त्यामुळे तिथे सरकारी उधारीचा परिणाम थेट दिसत नाही. तुमचे कर्ज नागरी सहकारी बँकेचे आहे आणि तिला ते बंधन नाही. तिचा दर ठरतो ठेव किती टक्क्यांनी मिळते त्यावरून, आणि कोल्हापुरातल्या निवृत्त माणसाची ठेव मिळवताना तिची खरी स्पर्धा पोस्टाशी असते. पोस्टातला पैसा हेही सरकारने घेतलेले कर्जच आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के मिळतात आणि त्याच वेळी तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली. २०२५ मध्ये जूनपर्यंत रेपो ६.५ वरून ५.५ वर आला, तरी हा ८.२ जागचा हलला नाही. रिझर्व्ह बँकेने सोडलेली सवलत अशा बँकेच्या दारातच अडते.

हिशेब मांडून दाखवतो. बँक ठेवीवर ८ टक्के देते असे धरा. सीआरआर २०२५ च्या मध्यापर्यंत होता तसा ४ टक्के धरला, तर १०० रुपयांतले ४ त्यात जातात आणि त्यावर काही मिळत नाही, १८ एसएलआरला जातात आणि त्यावर समजा ७ टक्के मिळतात. उरलेल्या ७८ रुपयांना सगळ्या ठेवीचे व्याज उचलावे लागते, म्हणून त्यांचा खर्च ८ नव्हे तर सुमारे ८.६५ टक्के पडतो. ठेव ७ टक्क्यांनी मिळाली असती तर तोच खर्च ७.३५ च्या आसपास आला असता. ठेवीतला एक टक्का कर्जापर्यंत पोहोचताना सव्वा टक्का होतो. त्यावर शाखेचा खर्च आणि थकबाकीची तरतूद चढते, आणि ११ चा आकडा तयार होतो.

तुमची सध्याची भट्टी टनाला किती युनिट खाते आणि नवी किती खाईल, ते सांगाल का?

शिरोलीचा फाउंड्रीवाला

आज टनाला ७०० युनिट लागतात, नव्या भट्टीला ६०० लागतील असे पुरवठादार सांगतो. महिन्याला १५० टन वितळवतो, आणि वीज सगळे आकार धरून सुमारे ९ रुपये युनिट पडते.

ट्रेझरीतून निवृत्त

म्हणजे महिन्याला १५,००० युनिट, १ लाख ३५ हजार रुपयांची बचत. ८० लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १ लाख ३७ हजार येतो, म्हणजे भट्टी स्वतःचा हप्ता फेडत नाही. तेच कर्ज पावणेदहा टक्क्यांनी मिळाले तर हप्ता १ लाख ३२ हजारांच्या खाली येतो आणि भट्टी स्वतःला पोसते. सव्वा टक्क्याने निर्णय उलटतो. सरकारी उधारीचा परिणाम असा काठावरच्या उद्योगावर होतो, आणि तो मोजता येत नाही, कारण जो कारखानदार हा हिशेब करून गप्प बसतो त्याचा अर्ज बँकेत येतच नाही.

अर्थशास्त्राची प्राध्यापिका

हिशेब नेमका आहे आणि दुवा मला नव्याने कळला, हे मान्य करते. पण ठेवी पोस्टाकडे केवळ ८.२ टक्क्यांसाठी जातात, हे गृहीत धरले आहे. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण असते. निवृत्त शिक्षिका २० लाख रुपये घेऊन पोस्टात जाते ती व्याजापेक्षा सुरक्षिततेसाठी जात असेल, तर उद्या पोस्टाचा दर ७ केला तरी ती तिथेच राहील, आणि उलट तिचे उत्पन्न मात्र कमी होईल. मग दोष सरकारच्या उधारीचा की सहकारी बँकांवरच्या डळमळीत विश्वासाचा?

गोकुळ शिरगावकर

माझा १८ टक्क्यांचा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. वरच्याच हिशेबात त्या १८ रुपयांवर ७ टक्के मिळतात आणि ठेवीला ८ द्यावे लागतात, म्हणजे तो तोटा शेवटी कर्जदारच भरतो.

ट्रेझरीतून निवृत्त

तो भार आहे, पण तुमच्या अंदाजापेक्षा लहान. १८ रुपयांवर एक टक्का म्हणजे १८ पैसे, तो ७८ रुपयांवर पसरला तर पाव टक्क्याहूनही कमी. शिवाय एकाच वेळी अनेक ठेवीदार पैसे काढायला आले, तर लगेच विकता येतात ते हेच रोखे. मॅडमच्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर माझ्याकडे नाही. पोस्टाचे दर वाढवले तेव्हा ठेवी गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि शेजारच्या एखाद्या बँकेवर निर्बंध आल्याची बातमी आली तेव्हाही गेलेल्या पाहिल्या आहेत.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

आज बँकेत जाऊन विचारले. एक वर्षाच्या ठेवीवर ते ज्येष्ठांना ८ टक्केच देतात, आणि अधिकारी म्हणाले की मुदत संपली की मोठ्या ठेवी पोस्टात जातात. माझ्या आईने निवृत्तीची रक्कम याच बँकेतून काढून ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवली, तो अर्ज मीच भरला होता. घरी येऊन तिला विचारले की दर जास्त म्हणून काढलेस की भीतीने. ती म्हणाली, दोन्ही. भट्टीसाठी आता एका व्यापारी बँकेकडे रेपोशी बांधलेल्या दराचे कर्ज मागितले आहे. तारण म्हणून त्यांना कारखान्याच्या जागेबरोबर राहते घरही हवे आहे, त्यामुळे अजून सही केलेली नाही.