नवऱ्याला मराठीत प्रेमपत्र लिहायचंय, मदत हवी आहे

रिमझिम: मिस्टर फौजेत आहेत, फील्ड पोस्टिंग, अजून पाच महिने तरी सुट्टी नाही. फोनची रेंज कधी असते कधी नसते, म्हणून म्हटलं पत्र लिहूया. तीन कागद फाडले. एक तर मायना काय लिहू कळेना, "प्रिय" लिहिलं तर हसूच येतं. घरात मी अहो-तुम्ही म्हणते, दोघंच असलो की तू. आणि मजकूर असा होतोय: "तुमच्याशिवाय घर सुनं सुनं वाटतं, खूप आठवण येते, मुलं मजेत, गॅस आला." हे काय प्रेमपत्र झालं का?

जुनी_शाई: सुरुवात "स.न.वि.वि." ने करा, पत्राची तीच रीत आहे.

पोस्टाची_पेटी: अहो ती रीत मास्तरांना, पाहुण्यांना लिहायची, नवऱ्याला नाही 😄 रिमझिम, मी अशी बरीच पत्रं लिहिलीत. "आठवण येते" खोडा आणि आठवण नेमकी कधी आली ते लिहा. घरात त्यांची कुठली वस्तू आहे जिच्यापाशी तुम्ही थबकता? आणि "काल", "उद्या" नको, पत्र कधी हातात पडेल सांगता येत नाही, सरळ तारीख घाला. वर पत्राचा नंबरही टाका, कारण दोन-तीन पत्रं एकदम मिळतात आणि आधी कुठलं फोडायचं ते कळत नाही. भांडणाचं उत्तर तर पत्रातून मागूच नका, उत्तर येईपर्यंत तुम्ही विसरलेल्या असता आणि ते तिकडे कुढत बसतात.

दर्यावर्दी_बायको: माझे जहाजावर असतात, मी दर महिन्याला खाऊचं पार्सल करायचे. तुम्ही पार्सल कुठून करता?

रिमझिम: ताई पार्सल नाही हो, पत्राचं विचारतेय. @पोस्टाची_पेटी, वस्तू म्हणजे... त्यांच्या जुन्या घड्याळाचा साडेचारचा गजर अजून रोज वाजतो, कपाटात कपड्यांखाली ठेवलंय तरी ऐकू येतं. बंद करता येतो, मी करत नाही.

पोस्टाची_पेटी: झालं की! हेच पहिलं वाक्य. "गजर वाजतो, मी जागी होते, तुमच्या बाजूची चादर सपाट असते, परत झोप लागत नाही." एवढंच लिहा, पुढे "म्हणून मला तुमची आठवण येते" जोडू नका, त्यांना कळतं. आणि पत्त्यात नंबर, रँक, नाव, युनिट, केअर ऑफ ५६ एपीओ, त्यांनी दिलाय तसाच. गावाचं नाव पाकिटावरही नको, आतही नको.

जुनी_शाई: बरं, स.न.वि.वि. राहू दे. पण पत्रात तरी तू म्हणा, तिथे कोण ऐकतंय.

दर्यावर्दी_बायको: मला नाही पटत. माझ्या "अहो"त जेवढं आहे ना तेवढं "तू"त येतच नाही. आणि रडल्याचं अजिबात लिहू नका, माणूस लांब आहे.

पोस्टाची_पेटी: रडल्याचं मी लिहायचे. सगळं छानछान लिहिलं तर त्यांनाच शंका येते.

रिमझिम: दीड पान झालं. गजर, चादर, धाकटीने त्यांचे बूट घालून घरभर केलेली परेड. पत्र क्रमांक १ टाकलाय. मायन्याची जागा अजून रिकामीच आहे.