पट्टी उतरवताना खालचा स्वरही तपासावा

«मूळ गाणे काळी पाचमध्ये आहे आणि तार गंधारावर माझा आवाज ताणला जातो. किती पट्ट्या खाली यावे?»

केवळ वरच्या स्वरावरून हा निर्णय घेऊ नये. काळी पाचला षड्ज धरल्यास तार गंधार वरच्या सप्तकातील पांढरी दोनवर येतो. आपण पांढरी सातवर स्वर सहज धरून ठेवू शकत असाल, तर काळ्या-पांढऱ्या क्रमाने मोजून तीन पट्ट्या उतरावे, म्हणजे षड्ज पांढरी पाचवर येईल. क्षणभर स्पर्शून जाणाऱ्या स्वरापेक्षा, ज्यावर ओळ थांबते तो स्वर प्रमाण मानावा.

आता अस्ताईतील सर्वांत खालचा स्वर पाहावा. तो मंद्र धैवत असेल, तर नव्या पट्टीत खर्जातील पांढरी तीनवर जातो, आणि तेथे शब्द ऐकू न येता नुसती हवा येऊ लागली, तर एक पट्टी वर, काळी चारवर थांबून तार गंधार हलक्या आवाजात घेणे अधिक बरे. (मुखडा पुन्हा पुन्हा येतो, तार गंधार बहुधा एखाद्याच अंतऱ्यात.)

तबलजींना मात्र आधी कळवावे, कारण काळी पाचचा तबला तीन पट्ट्या उतरवला की पुडी सैल पडून नाद बसका होतो. त्यासाठी मोठ्या तोंडाचा तबलाच लागतो.